सतार आत, राग उंबऱ्यावर

रॉकमध्ये सतार शिरली ती एका गिटारवादकाच्या हातून, आणि ती गिटारसारखीच वाजली. डिसेंबर १९६५मध्ये बीटल्सची ‘रबर सोल’ ही तबकडी आली. तिच्यातल्या ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात जॉर्ज हॅरिसनने सतार वाजवली आहे. ती त्याने लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या ‘इंडियाक्राफ्ट’ नावाच्या दुकानातून घेतली होती. गाणं आज कान देऊन ऐकलं तर लक्षात येतं, की सतार तिथे गाण्याच्या चालीमागून निमूटपणे चालते. मींड नाही, गमक नाही. पडदा दाबायचा, तार छेडायची, पुढच्या पडद्यावर जायचं. घरातल्या तरुण मंडळींनी रविशंकरांना हे गाणं ऐकवलं तेव्हा त्यांच्यावर काही छाप पडली नाही. पडायचं कारणही नव्हतं.

पाश्चात्त्य कानाला भुरळ पडली ती जवारीच्या झंकाराची. हा झंकार मिळवायला राग शिकावा लागत नाही, आणि पुढची दोन-तीन वर्षं बहुतेकांनी तेवढ्यावरच भागवलं. १९६७ सालापर्यंत तर अमेरिकेत विजेवर चालणारी ‘कोरल’ सतार निघाली. ती मुळात गिटारच. तारा झणझणाव्यात म्हणून घोडी वेगळी घडवलेली. ज्याला गिटार येते त्याला दुपारपर्यंत सतारही येणार, अशी सोय.

खरी अडचण आणखी आत होती. रॉकचं गाणं कॉर्डच्या आधाराने चालतं. खालची कॉर्ड बदलली की वरचा तोच सूर वेगळ्या नात्याने ऐकू येतो. रागात षड्ज एकदा लागला की बैठक उठेपर्यंत हलत नाही आणि प्रत्येक स्वराचं वजन त्याच्यावरूनच ठरतं. म्हणून रागाच्या थोडं जवळ जायचं तर रॉकवाल्यांना आधी कॉर्ड थोपवून धरायला शिकावं लागलं. हे काम सतारीशिवायही झालं. ‘किंक्स’चा रे डेव्हिस १९६५च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाला जाताना मुंबईत उतरला होता. कामावर निघालेल्या कोळ्यांचं गाणं त्याच्या कानावर पडलं आणि त्यातून ‘सी माय फ्रेंड्स’ झालं. त्यात गिटारच्या घुमणाऱ्या ताराच तंबोऱ्याचं काम करतात. ज्याला पुढे ‘राग-रॉक’ म्हटलं गेलं त्याची एक सुरुवात अशी मुंबईच्या कोळ्यांपाशी निघते; आपल्या रागप्रेमींनी याची गंमत वाटून घ्यायला हरकत नाही. पुढच्या वर्षी ‘बर्ड्‌स’च्या रॉजर मॅग्विनने बारा तारी गिटारवर, रविशंकर आणि जॉन कोल्ट्रेन या दोघांना मनात ठेवून, ‘एट माइल्स हाय’मधले तुकडे वाजवले. सूर कुठे मुक्कामाला येतो आणि कुठे निसटतो, याचा विचार त्यात दिसतो. त्याच वर्षीच्या ‘पेंट इट ब्लॅक’मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’च्या ब्रायन जोन्सची सतार आहे. ती ठसकेबाज आहे, पण रागाशी तिचं काही देणंघेणं नाही.

हॅरिसन मात्र शिकायला बसला. सप्टेंबर १९६६मध्ये तो मुंबईत रविशंकरांकडे आला. ताजमहाल हॉटेलात तो असल्याचं कळताच बाहेर गर्दी जमली, आणि तालीम काश्मीरला हलवावी लागली. या शिकण्याचं फळ म्हणजे १९६७चं ‘विदिन यू विदाउट यू’. या साऱ्या प्रयोगाचा निवाडा करायचा तर याच एका गाण्यावर करावा, असं मला वाटतं.

गाणं तंबोऱ्यावर उघडतं आणि दिलरुबा लयीशिवाय स्वर मांडू लागते. निषाद कोमल, बाकी सारे शुद्ध: आपला खमाज थाट. मग तबला येतो. गळ्याच्या मागोमाग दिलरुबा चालते, जशी आपल्याकडे सारंगी चालते. कॉर्ड बदलतच नाही. मधल्या भागात तबला पाचाच्या वजनावर जातो. झपताल कानात असलेल्याला तो हिशोब लगेच ओळखू येतो. तिथे सवाल-जवाब चालतात आणि त्यात लंडनचे व्हायोलिन-चेलोवाले उतरतात. त्यांच्यासाठी बीटल्सच्या निर्मात्याने, जॉर्ज मार्टिनने, घसीट आणि मींड कागदावर उतरवून दिली होती. ती त्यांनी जमवली, हे मोकळेपणाने मान्य करावं. तरीही हा खमाज राग नव्हे. रागाचं चलन, आरोहात रिषभ टाळण्यासारखी शिस्त, एकाच स्वरसमूहाकडे वेगवेगळ्या वाटांनी परत येणं, यातलं काही इथे नाही. बढत तर नाहीच. पाच मिनिटांत सगळं आधी ठरलेलं आहे. मात्र आराखडा आपला आहे: आधी लयीविना, मग लयीत, मग हिशोबात. रॉकने आपल्याकडून घेतलेल्यातलं मोलाचं ते हेच.

आपल्याकडे हे ऐकलं कुणी? मुंबईच्या वादकांनी तर ऐकण्याच्या पुढे जाऊन वाजवलं. जानेवारी १९६८मध्ये हॅरिसनने ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताचा काही भाग मुंबईतल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. सरोदवर आशिष खान, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया. याच बैठकांत ‘द इनर लाइट’चा वाद्यभाग झाला, लंडनला नेऊन त्यावर फक्त गाणं चढवलं. चित्रपटसंगीतात रोज नव्या चालीवर वाजवणाऱ्या मुंबईला त्यात अघटित असं काही नव्हतं. त्याच वर्षी शंकर-जयकिशन यांनी रईस खान यांची सतार आणि मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन एकत्र आणून ‘राग जॅझ स्टाइल’ काढली. ड्रमवर लेस्ली गोदिन्हो होते.

शास्त्रीय संगीताच्या रसिकांचा राग मात्र गाण्यांवर नव्हताच. ती गाणी त्यांच्यातल्या फार थोड्यांनी ऐकली असतील. त्यांना खटकली ती रविशंकरांभोवतीची माणसं: माळा घातलेले, गांजा ओढणारे हिप्पी. संगीत पातळ केल्याचा, बाजारात मांडल्याचा आरोप रविशंकरांवर झाला. माँटेरेच्या महोत्सवात जून १९६७मध्ये त्यांनी अल्लारखाँ यांच्यासह भीमपलास वाजवला, तो भरदुपारी, म्हणजे रागाच्या वेळेलाच. आरोप करणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं नाही. नशेत ऐकायला येणाऱ्यांवर स्वतः रविशंकरही वैतागलेले होते आणि पुढे त्यांनी अशा महोत्सवांकडे पाठच फिरवली.

उलट मुंबई-कोलकात्यातल्या कॉलेजच्या पोरांना हवी होती ती गिटार. ‘सिम्ला बीट’ स्पर्धेत उतरणाऱ्या बँडांसाठी सतार म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांचा रेडिओ. तिच्यापासून दूर जायचं म्हणून तर ते रॉककडे वळले होते. पाश्चात्त्य गटांनी सतार हाती घेतल्यामुळे त्यांच्यातल्या काहींना ती पुन्हा बघावीशी वाटली, एवढंच. त्यामुळे प्रयोगाचा हक्काचा श्रोता इथे तयारच झाला नाही. राग जाणणारे रॉक ऐकत नव्हते आणि रॉक ऐकणाऱ्यांना राग नको होता.

याच सुमारास ब्रिजभूषण काबरा, शिवकुमार आणि हरिप्रसाद यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आली. त्यात काबरांनी गिटारवर मींडेनिशी राग वाजवला आणि शास्त्रीय रसिकांनी ती तबकडी उचलून धरली. परक्या वाद्याचं वावडं त्यांना कधीच नव्हतं; व्हायोलिन आणि पेटी त्यांनी केव्हाच आपलीशी केली होती. वाद्याने रागाचं ऐकावं, एवढी त्यांची अट होती. हॅरिसनच्या तीन-चार गाण्यांनी ती निम्मीअधिक पाळली होती. पण बदनामी हिप्प्यांच्या पदरी जमा झाली होती, आणि ती गाणी त्या बदनामीतच धरली गेली.