वेषांतर फारच चांगलं जमलं तर

गेल्या दिवाळीत मी रहस्यकथेचं एक विडंबन लिहिलं. मध्यरात्र, वादळ, ओसाड बंगला, पांढराफटक पडलेला नोकर आणि दर परिच्छेदात ‘खदाखदा’ हसणारा खलनायक. कौतुकाने आबांना वाचून दाखवलं. आबांचं तरुणपण बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेलं. झुंजार आणि काळापहाड यांची नावं ते नात्यातल्या माणसांसारखी घेतात. शेवटपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, “यातला चोर कोण, हे तुलाच ठाऊक नाही रे.”

ते बरोबर होतं. मी फक्त रहस्यकथेच्या कपड्यांना हसत होतो. त्यात मेलोड्रामा आधीच वरच्या पट्टीत गातो. त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडलं की विडंबन होत नाही, नुसता गोंगाट होतो.

मग मी विडंबनं शोधून वाचायला लागलो. त्यातलं सगळ्यात शिकवून गेलेलं निघालं खुद्द आर्थर कॉनन डॉयलचं. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एक बाहुलीघर बांधलं होतं. त्यातल्या चिमुकल्या ग्रंथालयासाठी लेखकांनी इवलीशी पुस्तकं लिहून दिली. डॉयलने दिलेली गोष्ट जेमतेम पाचशे शब्दांची आहे: ‘हाऊ वॉटसन लर्न्ड द ट्रिक’. साल 1924.

सकाळचा नाश्ता चाललाय. वॉटसन म्हणतो, तुझी युक्ती मला कळली, आता मी तुझ्यावरच चालवतो. होम्सची दाढी वाढलीय, म्हणजे त्याचं मन कशात तरी गुंतलंय. बार्लो नावाच्या कुणाचं पत्र बघून त्याने कपाळाला आठ्या घातल्या, म्हणजे त्या अशिलाचं काम फसलंय. पेपरातलं बाजारभावाचं पान बघून तो ओरडला, म्हणजे तो सट्टेबाजीत पडलाय. घरातल्या गाउनऐवजी काळा कोट घातलाय, म्हणजे कुणी बडा पाहुणा येणार.

होम्स शांतपणे सांगतो: वस्तरा धार लावायला दिलाय. बार्लो हा दातांचा डॉक्टर, पत्र आजच्या अपॉइंटमेंटचं, आणि कोट त्याच्याकडे जायचं म्हणून. क्रिकेटचं पान बाजारभावाच्या शेजारीच असतं, तिथे सरेचा संघ तग धरून आहे का, ते तो बघत होता.

यात होम्सकथेचं यंत्र जसंच्या तसं आहे. आधी खूण, मग कारण, मग निष्कर्ष. वॉटसनची प्रत्येक खूण परत येते, एकही वाया जात नाही. बदललंय एवढंच, की निष्कर्ष चुकलेत. आणि गंमत म्हणजे ते होम्सच्या नेहमीच्या निष्कर्षांइतकेच पटण्यासारखे आहेत! मग होम्स एरवी बरोबर कसा ठरतो? कारण लेखक त्याच्या बाजूने असतो. डॉयल टोपीला आणि पाइपला हसत बसला नाही. त्याने आपल्याच प्रकाराच्या पायातली वीट हलवून दाखवली आणि परत बसवली.

कॅनडाच्या स्टीफन लीकॉकने 1911 सालच्या त्याच्या पुस्तकात दुसरी वाट धरली. त्याचा गुप्तहेर कुत्र्याचं वेषांतर करतो. ते इतकं बेमालूम की तो श्वानस्पर्धा जिंकतो, पण कुत्र्याचा कर भरलेला नसल्यामुळे महापालिकेच्या हाती सापडून जिवाला मुकतो. म्हणजे प्रकाराने दिलेला शब्द खरा मानायचा आणि त्याची किंमत शेवटपर्यंत वसूल करायची.

मी खदाखदा हसणारा खलनायक काढून टाकला. सीआयडीसारखा दरवाजा तोडण्याचा प्रसंगही काढला, त्या विनोदाचे मीम होऊन होऊन कधीच बारा वाजलेत. एकच नियम ठेवला: गुप्तहेराचं वेषांतर कुणालाही ओळखता येत नाही.

माझा गुप्तहेर चोरावर पाळत ठेवायला दूधवाला होऊन सोसायटीत शिरतो. पहिल्या दिवशी सगळं गंभीर. हा भाग सरळच लिहावा लागतो, कारण नियम माहीत नसलेल्या वाचकाला तो मोडल्याचं कळणार कसं? तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या काकू दूध पातळ म्हणून झापतात. सातव्या दिवशी त्याची स्वतःची बायको म्हणते, “उद्यापासून अर्धा लिटर कमी. आमचे हे गावाला गेलेत.” बाराव्या दिवशी तो चोराला पकडतो, दाढी ओढून काढतो, नाव सांगतो. सेक्रेटरी म्हणतात, “ते ठीक आहे, पण महिन्याचा हिशोब पुरा केल्याशिवाय जायचं नाही.”

चोर कोण, हे या वेळी आधी ठरवलं होतं. विनोद गाळून वाचलं तरी चोरी, पाळत आणि पकड जागेवर राहतात का, तेही पाहिलं. राहत होती.

आबा बायकोच्या वाक्याला हसले. मग पुढे ऐकून, चष्मा काढून त्यांनी विचारलं, “पण तो रोजचं दूध आणत कुठून होता?”

तेवढं अजून लिहायचं राहिलंय.