एकाच ठिपक्यावर दोन त्वचा

चित्रफितीतील एका माणसाचा चेहरा काढून संगणकाने दुसऱ्याचा बसवला, की पुढचे काम रंग जुळवण्याचे. त्यासाठी एक सोपी कसोटी सर्रास सांगितली जाते: व्हेक्टरस्कोपवर चेहऱ्याचे ठिपके 'त्वचारेषे'वर आले, की रंग बरोबर. आम्हाला ही कसोटी अपुरी वाटते. का, ते पाहू.

व्हेक्टरस्कोप हा एक वर्तुळाकार आलेख. चित्रातील प्रत्येक बिंदूचा त्यावर एक ठिपका पडतो. ठिपक्याच्या दिशेवरून रंगछटा कळते आणि मध्यापासूनच्या अंतरावरून रंग फिका की भडक ते कळते. लाल आणि पिवळा यांच्या मधे, सुमारे १२३ अंशांवर, त्वचारेषा असते. मुळात हा अमेरिकेतील एनटीएससी दूरचित्रवाणी पद्धतीचा एक अक्ष. त्वचेसाठी तो आखलेला नव्हता. पण त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिन आणि रक्तातील हिमोग्लोबिन यांमुळे येतो, आणि ही द्रव्ये सर्वांच्या अंगी असतात. म्हणून गोरी असो वा सावळी, पांढऱ्या उजेडात त्वचा या रेषेच्या आसपासच येते. रेषेचे कौतुक होते ते यासाठीच. आमची तक्रारही नेमकी इथेच आहे.

कागद-पेन्सिल घ्या. मूळ माणसाच्या मानेवरचा एक बिंदू धरू: लाल १५०, हिरवा १००, निळा ८०. त्याचा उजळपणा काढण्याचे जुने सूत्र असे:

Y = 0.299R + 0.587G + 0.114B

उत्तर येते सुमारे ११३. व्हेक्टरस्कोपवरील ठिपक्याची जागा ठरते ती फक्त R − Y आणि B − Y या वजाबाक्यांवरून. त्या येतात ३७ आणि उणे ३३. आता बसवलेल्या गालावरचा बिंदू घ्या: १९०, १४०, १२०. उजळपणा १५३ झाला, पण वजाबाक्या पुन्हा ३७ आणि उणे ३३! ठिपका त्याच जागी, रेषेला जवळजवळ चिकटून. सावळ्या मानेवर उजळ चेहरा बसला, आणि उपकरणाला त्याचा पत्ताही नाही. (विद्यार्थ्यांनी तिन्ही आकड्यांत आणखी २० मिळवून पाहावेत.)

उजळपणा दाखवणारे उपकरण वेगळे, वेव्हफॉर्म. त्यावर गालाची आणि मानेची पट्टी शेजारीशेजारी पाहिली, तर चाळीसचा फरक लगेच दिसतो.

उलट चूकही होते. दिव्याच्या पिवळट उजेडात मान स्वतःच रेषेपासून पिवळ्याकडे सरकलेली असते. अशा वेळी चेहरा हट्टाने रेषेवर आणला, तर जबड्याच्या कडेला सांधा दिसू लागतो. म्हणून आमच्या मते आधी फक्त मानेचा भाग निवडून तिचे ठिपके पाहावेत, मग तितक्याच उजेडातील गालाचे, आणि गाल मानेशी जुळवावा. रेषा पडद्यावर राहू द्यावी. तिच्यावरून त्या दृश्यात उजेड कसा होता, एवढे मात्र कळते.