तीस चिन्हांत मावलेली संकष्टी

मराठी कॅलेंडर: पंचांग, संकष्टी

पंचांगाच्या एका ॲपसाठी प्ले स्टोअरवर द्यायचे हे शीर्षक हैदराबादच्या अंबरपेठेत राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका अनुवादिकेने बेतले. मूळ इंग्रजी शीर्षकात ‘हिंदू कॅलेंडर’ होते. ते तसेच उतरवले असते तर भाषांतर बरोबर ठरले असते, पण पौर्णिमेला महिना संपवणाऱ्या उत्तरेकडच्या पंचांगांच्या गर्दीत ॲप हरवले असते. आपला महिना अमावास्येला संपतो. ‘मराठी’ हा पहिला शब्द ते सारे आधीच सांगून टाकतो.

प्ले स्टोअर शीर्षकाला तीस चिन्हे देते आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. ‘संकष्टी’ डोळ्यांना तीन अक्षरांची दिसते, पण मोजताना ती सात चिन्हे खाते. या ओळीची बेरीज बरोबर तीस होते. ‘कॅलेंडर’च्या जागी ‘दिनदर्शिका’ घातली की आकडा तेहतीसवर जातो आणि ‘संकष्टी’ला बाहेर पडावे लागते. ‘दिनदर्शिका’ हा देखणा शब्द आहे आणि छापील अंकाच्या मुखपृष्ठावर शोभतोही, पण घाईत फोनवर बोट चालवणारा माणूस ‘कॅलेंडर’च लिहितो. अनुवादिकेने ‘दिनदर्शिका’ खालच्या सविस्तर वर्णनात नेली, हा निर्णय मला फार आवडला. १९७३ पासून घराघरांत टांगलेल्या ‘कालनिर्णय’चे नाव पुष्कळ लोक कोणत्याही कॅलेंडरसाठी वापरतात, तरी दुसऱ्याच्या ॲपने ते घ्यायचे नसते, आणि इथे ते कुठेही नाही.

शीर्षकाखालच्या ऐंशी चिन्हांच्या छोट्या वर्णनात आहे: ‘आजची तिथी, चतुर्थीचा चंद्रोदय, सण, सुट्ट्या, तुमच्या शहराच्या वेळेप्रमाणे.’ या ओळीचे वजन शेवटच्या तीन शब्दांत आहे. हैदराबाद मुंबईच्या पूर्वेला साडेपाच अंशांहून थोडे अधिक आहे, म्हणून चंद्र इथे सुमारे वीस मिनिटे आधी उगवतो. मुंबईची वेळ पाहून संकष्टीचा उपास सोडणारी अंबरपेठेतली आजी विनाकारण तेवढा वेळ थांबते. ‘अचूक’, ‘सर्वोत्तम’ अशी विशेषणे टाळून ही ओळ तिच्या नेमक्या गरजेवर बोट ठेवते.

व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर ‘चंद्रोदय’, ‘तिथी’, ‘सण’ हे शब्द विभक्तीवाचून उभे आहेत, आणि ते मुद्दाम. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि कधी शब्दाचे रूपही बदलतो. ‘संकष्टीला’, ‘सणांची’ यांतून मूळ शब्द शोधयंत्र सोडवून घेईलच, असे धरून चालू नये. त्यामुळे लोक टंकतात तो शब्द नोंदीत निदान एकदा तरी मूळ रूपात असावा. प्ले स्टोअरवर शोधशब्दांसाठी वेगळा रकाना नाही. शब्द याच वाक्यांत विणावे लागतात आणि नुसत्या शब्दांचे ढीग रचणे नियमाविरुद्ध आहे.

अशीच अडचण लिपीतही लपलेली असते. ‘ॲप’ आणि ‘अॅप’ दिसायला एक, पण पहिल्यातला ‘ॲ’ हे युनिकोडमधले एकच चिन्ह आहे (`U+0972`), तर दुसऱ्यात ‘अ’ला वरून चंद्र जोडला आहे. संगणकाला हे दोन वेगळे शब्द वाटू शकतात. सविस्तर वर्णनाची मर्यादा चार हजार चिन्हांची असल्यामुळे दोन्ही रूपे तिथे सहज बसली आहेत.

तरीही एवढी नेटकी नोंद अंबरपेठेतल्या बऱ्याच मराठी घरांत दिसणारच नाही. मराठी नोंद दाखवली जाते ती ज्यांची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असते त्यांना. इथली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत तेलुगू शिकतात आणि फोन इंग्रजीत ठेवतात. ती रोमन लिपीत `marathi calendar` किंवा `sankashti` असे शोधतात. म्हणून अनुवादिकेने भारतासाठीच्या इंग्रजी नोंदीचे शीर्षकही बदलायला लावले: `Marathi Calendar: Panchang`. `panchangam` हा शब्द तिने टाळला, कारण तो तेलुगू पंचांग शोधणाऱ्याचा आहे. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात हे खरे, पण तेलुगू वाचकाला मराठी मजकुराचे ॲप मिळाले तर तो ते लगेच काढून टाकेल.

माझ्या मते या नोंदीतला सर्वांत मोलाचा अनुवाद या इंग्रजी ओळीतच झाला आहे, कारण मराठी माणूस जिथे शोधतो तिथे ती जाऊन उभी राहते. तुम्ही अशी नोंद लिहिलीत, तर ती प्रसिद्ध झाल्यावर फोनची भाषा एकदा मराठी आणि एकदा इंग्रजी करून, ॲपचे नाव न टाकता, ‘संकष्टी चंद्रोदय’ दोन्ही लिप्यांत शोधून पाहा. मग प्ले कन्सोलमध्ये लोक कोणत्या शब्दांनी आले तेही वाचा, आणि त्यांचे शब्द तुमच्या शब्दांहून वेगळे निघाले तर तुमचे बदला.