व्यवस्थापकीय संचालक, पूर्णवेळ संचालक आणि व्यवस्थापक : कायद्यातील व्याख्यांची चिकित्सा

या तीन पदांतील फरक विचारला की आपण बहुधा एक तक्ता लिहितो. त्यातील पहिली ओळ ठरलेली असते : व्यवस्थापकीय संचालक हा संचालक असावाच लागतो, व्यवस्थापक संचालक नसला तरी चालतो. हे विधान बरोबर आहे, पण त्यावर थांबले तर प्रत्यक्ष प्रकरण समोर आल्यावर ते फारसे उपयोगी पडत नाही. त्याचा काही दोष कंपनी कायदा, 2013 मधील व्याख्यांकडेही जातो.

कलम 2(53) नुसार व्यवस्थापक म्हणजे संचालक मंडळाच्या देखरेखीखाली, नियंत्रणाखाली आणि निर्देशानुसार कंपनीचा संपूर्ण किंवा जवळजवळ संपूर्ण कारभार पाहणारी व्यक्ती. हा संचालकही असू शकतो. कलम 2(54) नुसार व्यवस्थापकीय संचालक म्हणजे नियमावली, करार, सर्वसाधारण सभेचा ठराव किंवा संचालक मंडळ यांच्याद्वारे ज्या संचालकाकडे व्यवस्थापनाचे भरीव अधिकार सोपवले आहेत तो. एकाची कसोटी 'संपूर्ण कारभार', दुसऱ्याची 'भरीव अधिकार'. आता एखाद्या संचालकाकडे संपूर्ण कारभार असेल तर तो कोण? शब्दशः वाचले तर तो दोन्ही व्याख्यांत बसतो. आणि कलम 196(1) तर म्हणते की कंपनीत ही दोन्ही पदे एकाच वेळी असू नयेत!

1956 च्या कायद्यात ही गाठ थोडी सैल होती. तेथे व्यवस्थापकीय संचालकाला दिलेले अधिकार हे त्याला एरवी वापरता न येणारे असावेत, आणि तो ते मंडळाच्या देखरेखीखालीच वापरेल, असे स्पष्ट लिहिले होते. 2013 मध्ये हे दोन्ही भाग गळले. देखरेखीचे शब्द फक्त व्यवस्थापकाच्या व्याख्येत उरले. त्यामुळे व्यवस्थापकीय संचालक मंडळापासून मोकळा आहे असा ग्रह होतो. तो चुकीचा आहे, कारण कलम 179 प्रमाणे कंपनीचे अधिकार मुळात मंडळाचेच असतात. पण हे व्याख्येतून कळायला हवे होते. पूर्णवेळ संचालकाची व्याख्या, कलम 2(94), तर आणखी आखूड आहे : कंपनीच्या पूर्णवेळ नोकरीत असलेल्या संचालकाचा त्यात 'समावेश होतो', एवढेच. त्याच्याकडे किती अधिकार असावेत याबद्दल कायदा गप्प आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका सूचीबद्ध नसलेल्या सार्वजनिक कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल 12 कोटी रुपये आहे. दहा कोटी किंवा त्याहून अधिक भांडवल असल्यामुळे कलम 203 तिला लागू होते. मंडळाने ठराव करून एका संचालकाला मोठे करार, कर्ज आणि नेमणुका यांचे अधिकार दिले, पण त्याचे पदनाम ठेवले 'कार्यकारी संचालक'. दुसरा संचालक पगारावर पूर्णवेळ उत्पादन विभाग पाहतो. तिसरा फक्त धनादेशांवर आणि भागपत्रांवर सही करतो. शिवाय एका कारखान्याला 'जनरल मॅनेजर' आहे, जो संचालक नाही.

पहिला व्यवस्थापकीय संचालक आहे, कारण व्याख्येत 'कोणत्याही नावाने' हे शब्द आहेत. त्यामुळे त्याची मुदत एका वेळी पाच वर्षांपेक्षा जास्त ठेवता येणार नाही, नेमणूक पुढच्या सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावी लागेल आणि साठ दिवसांत निबंधकाकडे MR-1 भरावा लागेल. दुसरा पूर्णवेळ संचालक. तिसऱ्याला मात्र भरीव अधिकार नाहीत, कारण नेहमीची प्रशासकीय कामे त्यात धरू नयेत असे स्पष्टीकरणच आहे. चौथ्याच्या पदनामात 'मॅनेजर' असले तरी त्याच्याकडे एकच कारखाना असल्याने तो कायद्यातील व्यवस्थापक नाही. आता मंडळाने त्याच्याकडे सर्व कारखाने, खरेदी, विक्री आणि हिशेब सोपवले, तर? पत्र्याची पाटी न बदलताही तो व्यवस्थापक होईल आणि कलम 196(1) चा भंग होईल.

म्हणून तपासताना पदनामाची पाटी नव्हे, मंडळाचा ठराव आणि अधिकार सोपवल्याचे पत्र वाचा. काम किती पसरले आहे आणि ते कोणत्या ठरावाने दिले आहे, हे त्यातून दिसते.

हा वाद कागदी नाही. कलम 2(60) प्रमाणे 'कसूर करणारा अधिकारी' ठरवताना पूर्णवेळ संचालक आणि प्रमुख व्यवस्थापकीय कर्मचारी यांच्याकडे आधी पाहिले जाते. कलम 203 च्या भंगासाठी कंपनीला पाच लाख रुपये आणि कसूर करणाऱ्या प्रत्येक संचालकाला व प्रमुख कर्मचाऱ्याला पन्नास हजार रुपये दंड आहे, आणि भंग चालू राहिल्यास रोज आणखी एक हजार. आपण 'नुसता कार्यकारी संचालक' आहोत असे समजणाऱ्याला हे नोटीस आल्यावर कळते.