पाव टक्क्याचा मथळा

७ फेब्रुवारी २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ६.२५ टक्क्यांवर आणला. मे २०२० नंतरची ही पहिलीच कपात. अशा बातमीचा इंग्रजी मथळा साधारण ठरलेला असतो: ‘आरबीआय कट्स रेपो रेट बाय २५ बीपीएस, होम लोन ईएमआय सेट टू फॉल’. मराठीत मथळा करण्याची कला आज कुठे आहे, हे या एका ओळीवर तपासता येते.

शब्दशः भाषांतर असे होते: ‘आरबीआयने रेपो दरात २५ आधारभूत अंकांची कपात केली, गृहकर्जाचे ईएमआय कमी होण्यास सज्ज’. व्याकरणात खोट नाही. पण हप्ता सज्ज कसा होईल? तो काय पलटणीत आहे? ‘आधारभूत अंक’ तर वाचकाला पुन्हा फोडून सांगावे लागतात. शंभर बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का, म्हणून पंचवीस म्हणजे पाव टक्का. पाव, अर्धा, पाऊण ही मापे मराठी माणसाच्या तोंडात आहेत, आणि ती वापरली की पंचवीसचा आकडा पाहून ‘२५ टक्के कपात’ असा घोटाळा होण्याची भीतीही जाते. छापील वृत्तपत्रातला जाणता उपसंपादक ‘रेपो दरात पाव टक्का कपात’ एवढेच लिहून मोकळा होईल. इंग्रजी मथळा क्रियापदावर चालतो, मराठी मथळा नामावर थांबला तरी पुरा वाटतो.

मात्र तो मथळा ज्याच्या हातात अंक आधीच आहे त्याच्यासाठी होता. आता वाचक शोधपट्टीत शब्द टाकून येतो, आणि बँकेच्या शाखेत ऐकलेलाच शब्द टाकतो. तो ‘रेपो दर’ असेल की ‘रेपो रेट’, ‘गृहकर्ज’ की ‘होम लोन’, हे डेस्कवरच्या भाषाप्रेमावर ठरवू नये. गुगल ट्रेंड्समध्ये दोन्ही शब्द महाराष्ट्रापुरते शेजारी ठेवून पाहता येतात. शोध फारच थोडे असले तर तिथे काही उमटत नाही. मग सर्च कन्सोलमध्ये आपल्याच जुन्या बातम्यांवर लोक कोणत्या शब्दांनी आले, ते पाहावे.

शब्द सापडला तरी मराठीत एक खास अडचण उरते, तिच्याकडे फारसे कुणी बघत नाही. आपले नाम विभक्ती लागताच रूप बदलते. ‘दर’चे ‘दरात’ होते, ‘गृहकर्ज’चे ‘गृहकर्जाचा’. शोधयंत्र ही रूपे पुष्कळदा जुळवून घेते, पण दरवेळी घेईलच असा भरवसा नाही. शिवाय निकालांच्या यादीवरून भरभर फिरणारी नजरही आपण टाकलेला शब्दच जसाच्या तसा शोधत असते. उपाय साधा आहे: मुख्य शब्द प्रथमेत, ओळीच्या आरंभी ठेवावा. ‘रेपो रेट ६.२५ टक्क्यांवर’ म्हटले की काम झाले. उसन्या शब्दाचा इथे फायदाही होतो. ‘रेटमध्ये’, ‘लोनचा’ म्हणताना मूळ शब्द शाबूत राहतो.

संकेतस्थळांनी मात्र सोपी पळवाट काढली आहे. मथळ्याच्या तोंडाशी रोमन लिपीत शोधशब्द चिकटवायचा, दोन टिंबे द्यायची आणि पुढे ‘कर्जदारांना मोठा दिलासा, वाचा सविस्तर’ असे काहीतरी लिहायचे. अर्धा मथळा यंत्रासाठी, अर्धा उत्सुकतेसाठी. बातमी दोन्हीकडे नाही. शब्दशः भाषांतर बेढब असले तरी त्यात निदान बातमी तरी होती, म्हणून मला ही पळवाट अधिक वाईट वाटते.

रूपांतर करणाऱ्याला विषयही कळावा लागतो. रेपो दर उतरला म्हणून त्याच दिवशी कुणाचा हप्ता उतरत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली नवी फ्लोटिंग गृहकर्जे बाह्य मापदंडाला जोडलेली असतात आणि त्यांचा दर तीन महिन्यांतून किमान एकदा बदलतो. जुन्या एमसीएलआर कर्जांना आणखी वेळ लागतो, स्थिर दराच्या कर्जाला काहीच फरक पडत नाही. अनेकदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. पन्नास लाखांचे वीस वर्षांचे कर्ज ९ वरून ८.७५ टक्क्यांवर आले आणि बँकेने हप्ताच घटवला, तर त्यात महिन्याला सुमारे ८०० रुपयांचा फरक पडतो. म्हणून ‘तुमचा ईएमआय घटला’ हा ओघवता मथळा खोटा ठरतो. मी असा करीन: ‘रेपो रेट ६.२५ टक्क्यांवर, होम लोनचा ईएमआय घटण्याची वाट मोकळी’.

इथे माझा लाडका ‘पाव टक्का’ मी मथळ्यातून मुद्दाम बातमीच्या पहिल्या वाक्यात ढकलला आहे. ९ एप्रिलला पुन्हा पाव टक्क्याचीच कपात झाली आणि दर ६ टक्क्यांवर आला. ‘रेपो दरात पाव टक्का कपात’ हा मथळा तेव्हाही शब्दाचा फरक न करता छापता आला असता. छापील अंकावर तारीख असते. शोधनिकालांत मात्र दोन्ही बातम्या एकाखाली एक येतात, आणि फेब्रुवारीची कोणती हे ६.२५ या आकड्यावरूनच कळते.