सोपं म्हणजे नेमकं काय सोपं?

आज आपण व्हिडिओ गेममधल्या अवघडपणाबद्दल बोलणार आहोत, आणि सुरुवात एका वादापासून करणार आहोत. मार्च 2019मध्ये फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा ‘सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस’ हा गेम आला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. गेम फारच कठीण, आणि त्यात सोपा मोड नाही. थोड्याच दिवसांत एका समीक्षकाने लिहिलं, की शेवटचा बॉस आपण गेमचा वेग कमी करणारा मॉड वापरून हरवला आणि त्याचं आपल्याला काहीही वाटत नाही. त्यावर कुणीतरी त्याला सुनावलं, की तू फक्त गेमलाच नव्हे, स्वतःलाही फसवलंस. ते उत्तर इतकं पसरलं की त्याचा विनोदच झाला.

वादाच्या दोन बाजू तुम्हाला माहीत असतील. एक म्हणते, सोपा मोड द्या, म्हणजे ज्यांचे हात किंवा डोळे साथ देत नाहीत त्यांनाही खेळता येईल. दुसरी म्हणते, अवघडपणा हाच या कलाकृतीचा गाभा आहे, तो काढला तर उरतं काय? आमचं म्हणणं असं, की दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून चालली आहे. दोघांच्या मनात अवघडपणा म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर आहे. एकच बटण, फिरवलं की कमी, फिरवलं की जास्त. प्रत्यक्षात गेमच्या आत असं एक बटण नसतंच. तिथे बरीच बटणं असतात, आणि कोणतं फिरवलं यावर सगळं अवलंबून असतं.

1993चा ‘डूम’ घ्या. सुरुवातीलाच पाच पातळ्यांमधून एक निवडायची. या पातळ्या आतून काय बदलतात? सगळ्यात सोप्या पातळीवर तुम्हाला होणारी इजा निम्मी होते आणि गोळ्या दुप्पट मिळतात. मधल्या पातळ्यांवर हे आकडे तसेच राहतात, फक्त नकाशावर राक्षस किती आणि कुठे उभे करायचे ते बदलतं. सगळ्यात वरच्या पातळीवर राक्षस जलद होतात आणि मेलेले पुन्हा उठतात. म्हणजे पाच नावांमागे किमान तीन वेगळ्या गोष्टी आहेत: तुम्हाला किती चुका परवडतात, तुमच्यासमोर किती प्रश्न येतात, आणि उत्तर द्यायला वेळ किती मिळतो. मेनूमध्ये मात्र या सगळ्याची एकच पुडी बांधलेली असते.

आता दुसरा प्रकार, आपोआप बदलणारा अवघडपणा. याचं चांगलं उदाहरण म्हणजे 2005चा ‘रेसिडेंट ईव्हिल 4’. नॉर्मल पातळीवर खेळताना गेम तुमच्या नकळत एक दर्जा मोजत असतो. तुम्ही मार कमी खाल्लात, नेम चांगला लागला, की दर्जा वर जातो; शत्रू आक्रमक होतात आणि जोरात मारतात. तुम्ही पुन्हा पुन्हा मेलात, की दर्जा खाली येतो, शत्रू मवाळ होतात, काही ठिकाणी त्यांची संख्याही घटते. प्रोफेशनल पातळीवर मात्र हा दर्जा सगळ्यात वर खिळवून ठेवलेला असतो. हे चाललंय ते ओळखायचं कसं? एकाच खोलीत चार वेळा मरा. पाचव्या वेळी तुम्हाला वाटेल, जमलं बुवा आता. जमलं असेलही. पण तुम्ही वर चढलात की जमीन थोडी वर आली, हे तुम्हाला कळत नाही.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये आपल्याकडे या दोन्ही पद्धती असतात. एक म्हणजे कच्चा लिंबू. धाकटं पोर खेळायला आलं, तर सगळ्यांसमोर जाहीर होतं की हा कच्चा लिंबू, हा आऊट नाही. दुसरी पद्धत म्हणजे दादा काही न बोलता हळू बॉल टाकतो आणि धाकट्याला वाटतं, आपण चौकार मारला. पहिलीत मानहानी थोडी आहे, पण फसवणूक नाही. दुसरीत मानहानी नाही, पण तो चौकार खरा होता का, हा प्रश्न राहतो.

‘रेसिडेंट ईव्हिल 4’मध्ये ही लबाडी चालते, कारण तो भीतीचा गेम आहे. त्याला तुमची परीक्षा घ्यायची नाही, तुम्हाला सतत काठावर ठेवायचंय. गोळ्या जेमतेम पुरतायत, जीव जेमतेम वाचतोय, ही भावना टिकवायला दर्जा गुपचूप हलवावाच लागतो. ‘सेकिरो’त हेच केलं तर घात होईल. तिथल्या विजयाचा अर्थच हा, की समोरचा तोच राहिला आणि तुम्ही बदललात. म्हणून लपून बदलणारा अवघडपणा ‘सेकिरो’त नको, या मुद्द्यावर आम्ही सोप्या मोडच्या विरोधकांच्या बाजूने आहोत.

पण उघड पर्यायाचं काय? त्यासाठी ‘सेकिरो’ची लढाई कशी चालते ते नीट पाहायला हवं. गडाच्या माथ्यावर गेनिचिरो आशिना नावाचा बॉस भेटतो. त्याला दोन पट्ट्या आहेत: एक जीवाची, एक तोलाची, म्हणजे पोश्चरची. तलवारीने मारलं तर जीव कमी होतो. पण त्याचा वार नेमक्या क्षणी आपल्या तलवारीवर घेऊन परतवला, तर त्याचा तोल ढळत जातो. तोलाची पट्टी पूर्ण भरली की जीव शिल्लक असला तरी प्राणघातक वार करता येतो. त्याच्या अंगात जीव भरपूर असताना तोल पटकन सावरतो, जीव घटला की सावरायला वेळ लागतो. म्हणून शहाणपण यात आहे, की थोडं जखमी करायचं आणि मग दूर न पळता त्याच्यासमोर उभं राहून वार परतवत राहायचं. तुम्ही मागे हटलात की त्याचा तोल सावरतो, आणि वर तो धनुष्य काढतो. घाबरून परतवण्याचं बटण भराभर दाबलंत, तर योग्य क्षणाची फट आणखी अरुंद होते. पळू नकोस, ताल ऐक, हे गेम इथे शिकवतो.

समजा आपण सोप्या मोडची नेहमीची रीत वापरली आणि गेनिचिरोच्या वाराची इजा निम्मी केली. आता दुप्पट चुका परवडतात. मग खेळाडू काय करेल? एक वार, दोन पावलं मागे, औषध, पुन्हा एक वार. तोल परतवण्याने ढळवायची गरजच उरत नाही, जीवाची पट्टी कुरतडत कुरतडत संपवता येते. तो जिंकेल, पण लढाईत जे शिकायचं होतं ते न शिकता. पुढच्या बॉसपाशी तो आणखीच अडेल आणि त्याला लढाई कंटाळवाणी वाटेल. विरोधकांचं म्हणणं या बटणाबाबत अगदी बरोबर आहे.

आता दुसरं बटण फिरवू. इजा तेवढीच ठेवू, फक्त लढाईचा वेग 80 टक्के करू. गेनिचिरोचा प्रत्येक वार तेवढाच जीवघेणा आहे, तोल तसाच सावरतो, पळालात तर तशीच शिक्षा आहे. ताल तोच, लय तेवढी विलंबित झाली. ज्याचे हात हळू चालतात त्यालाही तोच धडा शिकावा लागतो. समीक्षकाने वापरलेला मॉड याच जातीचा होता. फसवणुकीचा आरोप ज्याच्यावर झाला, त्याने लढाईचा गाभा टाळलाच नव्हता.

हे बटण उघडपणे देऊन पाहणारा गेम ‘सेकिरो’च्या एक वर्ष आधी आला होता. 2018चा ‘सेलेस्ट’. उड्या मारत डोंगर चढायचा, आणि चढ भयंकर. त्यात असिस्ट मोड आहे. त्यात ‘सोपं’ नावाचा पर्याय नाही, तर सुटी सुटी बटणं आहेत. गेमचा वेग 10-10 टक्क्यांनी 50 टक्क्यांपर्यंत उतरवता येतो. पकडून राहण्याची ताकद अमर्याद करता येते. हवेतल्या झेपा वाढवता येतात. मरणच बंद करता येतं. तुमची अडचण कुठे आहे ते तुम्ही ठरवायचं.

आणखी एक गंमत पाहा. ‘सेलेस्ट’च्या कर्त्यांनी खेळाडूच्या हालचालींचा कोड प्रसिद्ध केला आहे. त्यात ही ओळ आहे:

```
private const float JumpGraceTime = 0.1f;
```

म्हणजे कड्यावरून पाय सुटल्यानंतरही 0.1 सेकंद उडी मारता येते. ही सवलत प्रत्येकाला आहे, असिस्ट मोड न वापरणाऱ्या शूरांनाही. वेग 50 टक्के केला तर घड्याळाने हीच सवलत 0.2 सेकंदांची होते. आता सांगा, 0.1 सेकंदाची मेहरबानी म्हणजे खरा खेळ आणि 0.2ची म्हणजे लबाडी, ही रेघ कुठून आली? रेघ कुठेतरी असतेच. पण ती एका विशिष्ट हाताच्या अंदाजाने ओढलेली असते, हे विसरून चालणार नाही.

‘सेलेस्ट’कडूनही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. असिस्ट मोडपाशी आधी असा मजकूर होता, की अवघडपणा या अनुभवाचा महत्त्वाचा भाग आहे, पहिल्यांदा खेळताना हा मोड न वापरणं बरं. पुढे तो मजकूर बदलला. ज्याला त्या मोडशिवाय खेळताच येत नाही, त्याला दारातच सांगणं की तू खरा अनुभव घेत नाहीयेस, हा झाला कच्चा लिंबू. बटणांना हात न लावता फक्त शब्द बदलून तो डाग पुसता आला.

आता ‘सेकिरो’वरचा आमचा मुख्य आक्षेप. सगळ्यांसाठी एकच अवघडपणा, असं त्याच्या बाजूने सांगितलं जातं. पण ते खरं नाही. गेममध्ये एक राक्षसी घंटा आहे. ती वाजवली की शत्रू बळकट होतात आणि बदल्यात जास्त वस्तू मिळतात. दुसऱ्या फेरीत कुरोचा ताईत परत देता येतो. मग नेमक्या क्षणी न परतवता नुसता अडवलेला वारही इजा करतो. म्हणजे अवघडपणाची बटणं आहेत, उघड आहेत, कथेत सुंदर गुंफलेली आहेत. फक्त ती एकाच दिशेने, वर फिरतात. ज्यांना वर जायचंय त्यांच्यासाठी गाभा लवचीक, आणि ज्यांना वेळ हवाय त्यांच्यासाठी मात्र पवित्र. कलाकृतीच्या अखंडतेचा मुद्दा इथे लंगडा पडतो.

वेगाचं बटण म्हणजे रामबाण नव्हे. दोन बटणं एकत्र दाबणं ज्याला शक्य नाही, त्याला त्याचा उपयोग नाही. हळू लढाई लांबते आणि दुखरी बोटं आणखी थकतात. शिवाय पोलादाच्या आवाजावर ताल धरायचा असेल, तर हळू वेगात तो आवाज बिघडणार नाही याची काळजी घ्यावी लागते, आणि ते काम फुकट होत नाही. पण हे सगळे प्रश्न सोडवण्याजोगे आहेत, कारण ते नेमके आहेत. ‘सोपा मोड हवा की नको’ हा प्रश्न नेमका नाही, म्हणून तो इतकी वर्षं आहे तिथेच आहे. तेव्हा पुढच्या कठीण गेमवर हाच वाद पेटला, की दोन्ही बाजूंना आधी एवढंच विचारा: नेमकं कोणतं बटण?