कंसातली आडवी रेघ

पर्लकोटेला पूर आला की पुलावर थांबते ती (१-१).

भामरागड तालुक्यात काही वर्षे नोकरी केलेल्या एका मित्राने बांधलेले हे शोधसूत्र. मराठी शब्दकोड्यात इतके नेटके सूत्र क्वचितच भेटते. संदर्भ तिकडच्या माणसाला सांगावा लागत नाही. आलापल्लीहून निघाले की आधी हेमलकसा लागते, मग पर्लकोटेचा पूल आणि पलीकडे भामरागड. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या तिथे एकत्र येतात. पावसाळ्यात नदी चढली की पूल पाण्याखाली जातो आणि गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो.

आता कंस झाकून सूत्र पुन्हा वाचा. दोन घरे आहेत आणि ‘ती’ म्हटले आहे, म्हणजे उत्तर स्त्रीलिंगी. पुलावर थांबणारी दोन अक्षरी गोष्ट कोणती? बस. ब आणि स अशी दोन घरे भरतात, लिंग जुळते, आणि पूर आला की बस खरोखरच थांबते. सोडवणारा बिनदिक्कत पेनने लिहून मोकळा होईल. ‘(२)’ छापले असते तर त्याला चूक म्हणण्याची सोय नव्हती, कारण सूत्राचा प्रत्येक शब्द बसला लागू पडतो. तिला बाद करते ती कंसातली आडवी रेघ. एक अक्षर, संयोगचिन्ह, पुन्हा एक अक्षर. असा शब्द मराठीत शोधायला गेलो की हाताशी फार काही येत नाही. येते ती ‘ये-जा’. पूर आला की पुलावरची ये-जा थांबते. बस हा त्या ये-जाचाच एक भाग, त्यामुळे चुकलेलेही उत्तराच्या अंगणातच चुकतात. फसवणूक असावी तर अशी.

त्या रेघेच्या जागी स्वल्पविराम घातला तर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. ‘(१,१)’ म्हणजे दोन सुटे शब्द: ये, जा. दोन आज्ञार्थी क्रियापदे, एक बोलावणारे आणि एक घालवणारे. ती ‘थांबते’चा कर्ता होऊ शकत नाहीत. संयोगचिन्हाने त्यांचे नाम झाले, त्याला स्त्रीलिंग मिळाले, म्हणून ‘थांबते ती’ व्याकरणात बसले. एका रेघेने क्रियापदाचे नाम होण्याचा हा प्रकार इंग्रजी कोड्यांत नेहमीचा आहे. ‘द हिंदू’सारख्या वर्तमानपत्रातली गूढ कोडी सोडवणाऱ्यांना तो ठाऊक असतो. विमानाने ‘टेक ऑफ’ केले हे क्रियापद, तिथे कंसात (४,३) येते. ‘टेक-ऑफ’ सुरळीत झाला हे नाम, तिथे (४-३). अक्षरे तीच, घरे सातच, पण चिन्ह बघून सोडवणारा ठरवतो की कृती शोधायची की वस्तू. (२-५) दिसले की ‘को-पायलट’ किंवा ‘रि-एंट्री’ अशा, पुढे दोन अक्षरी उपसर्ग जोडलेल्या शब्दांकडे त्याचे लक्ष आधी जाते.

हे सगळे कंसावर का सोडावे लागते, तर कोड्याच्या जाळीला शब्द तुटल्याचा पत्ताच नसतो. काळे घर एका उत्तराला दुसऱ्यापासून वेगळे करते; उत्तराच्या पोटात दोन शब्द असले तरी घरे एकाला एक लागूनच असतात. तेव्हा तोड कुठे आहे हे सांगणारी जागा एकच, सूत्राच्या शेवटचा कंस. आपल्याकडे त्यात आणखी एक हिशोब असतो. घर अक्षराचे, वर्णाचे नव्हे. ‘पर्लकोटा’ची घरे चार: प, र्ल, को, टा. जोडाक्षर एका घरात राहते, अनुस्वार घर मागत नाही, आणि ‘पु. ल. देशपांडे’ लिहिताना टिंबांना जागा नसते, म्हणून (१,१,४).

मराठीत स्वल्पविरामाचे वजन इंग्रजीपेक्षा, इतकेच काय हिंदीपेक्षाही जास्त असते, असे मला वाटते. हिंदीत ‘पुल पर’ हे (२,२) होईल. आपण ‘पुलावर’ एकत्र लिहितो. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये नामाला चिकटूनच येतात, म्हणून ते सरळ (४). याचा अर्थ असा की मराठी कंसात स्वल्पविराम दिसला तर तिथे चिल्लर शब्द नसणार, दोन्ही बाजूंना अंगाने भरलेले शब्द असणार. बहुतेक वेळा विशेषनाम, विशेषण-नामाची जोडी किंवा वाक्प्रचार. वाक्प्रचार असेल तर शेवटचे घर बहुधा ‘णे’ असते, कारण कोडेकार तो कोशात असतो तसाच देतो. त्याच मित्राचे दुसरे सूत्र: ‘पूर ओसरेपर्यंत अलीकडच्याने करायचे काम (२,३)’. ‘करायचे काम’ म्हटल्यावर क्रिया आली. पाचव्या घरात पेन्सिलीने ‘णे’ लिहून टाकावा. मग दोन अक्षरी नाम आणि ‘णे’ने संपणारे तीन अक्षरी क्रियापद: वाट पाहणे.

की वाट बघणे? इथे कंसाची ताकद संपते. दोन्हींचा आकार (२,३), दोन्ही तितकेच मराठी, आणि सूत्र दोघांनाही सारखेच लागू पडते. तिसऱ्या घरात ‘पा’ की ‘ब’, हे त्या घरातून उतरणारा उभा शब्दच सांगेल. चौथ्यातही तेच, ‘ह’ की ‘घ’. या दोनपैकी एकाही घराला उभा शब्द लागत नसेल तर ते कोडेच सदोष समजावे. अशा वेळी वाचकाने स्वतःच्या शब्दसंपत्तीला दोष देत बसू नये.

लांब उत्तरात तोडीचा उपयोग अधिक स्पष्ट दिसतो. ‘हेमलकशाला १९७३ मध्ये सुरू झालेले आमट्यांचे काम’ असे सरळ सूत्र घेऊ. उत्तर तुम्हाला आलेच असेल; पण समजा, ते ठाऊक नसलेला माणूस कोडे घेऊन बसला आहे. घरे नऊ. उभ्या शब्दांतून चौथ्या घरात ‘रा’ आणि सातव्यात ‘प्र’ मिळाले आहेत. कंसात नुसते ‘(९)’ असेल तर तो नऊ अक्षरी एकसंध शब्द शोधणार, आणि पोटात ‘प्र’ असलेला एखादा लांबलचक संस्कृत समास जुळवत बसणार. ‘(२,४,३)’ असेल तर तेच ‘प्र’ एकदम शब्दाच्या तोंडाशी येते: प्र आणि पुढे दोन घरे. प्रवास, प्रयोग, प्रसंग, प्रकल्प; ‘काम’ या शब्दाशी शेवटचा जुळतो. मधला शब्द चार घरांचा, त्यातले दुसरे ‘रा’: दुराग्रह अर्थाला बसत नाही, बिरादरी बसते. राहिली पहिली दोन घरे, आणि बिरादरीच्या आधी ‘लोक’ येणे आता अटळ. लोक बिरादरी प्रकल्प. मिळालेली अक्षरे दोन्ही वेळा तीच होती. ती शब्दात कुठे बसतात हे कळल्याने उत्तर निघाले.

इथेच कोडेकाराची परीक्षाही आहे. ‘लोकबिरादरी’ असे जोडून लिहिणारे पुष्कळ असतात. त्या लेखनाप्रमाणे कंस (६,३) झाला असता आणि सोडवणारा सहा अक्षरी शब्दाच्या मागे लागला असता. विशेषनामाच्या बाबतीत नियम साधा आहे: संस्था स्वतःचे नाव जसे लिहिते तशी तोड द्यावी. सामान्य शब्दांत एवढी सोय नाही. देवाण-घेवाण (३-३) की देवाणघेवाण (६)? दोन्ही रूपे छापलेली दिसतात. अशा शब्दाला मी कोडेकार असतो तर एकच कोश धरून चाललो असतो.

आणि आता सगळ्यात गमतीचा भाग, जो इंग्रजीत सापडणार नाही. तिथे दोन शब्द जोडले काय, तोडले काय, घरांची बेरीज बदलत नाही. टेक ऑफ कसेही लिहा, सातच. मराठीत संधी होतो आणि एक घर गिळले जाते. गडचिरोलीच्या जंगलातले एक गौण वनोपज घ्या: चारोळी. चा, रो, ळी. तीन घरे. सूत्र असे करता येईल: ‘रानात वेचावी, नाही तर वहीत लिहावी (३)’. खिरीतली चारोळी आणि कवितेतली चारोळी, दोन्ही एकाच उत्तरात. तेच सूत्र (२,२) देऊन पाहा. आता घरे चार झाली, उत्तर ‘चार ओळी’ झाले, वहीतला अर्धा अर्थ शाबूत राहिला आणि रानातला गेला. ‘र’ आणि ‘ओ’ शेजारी होते तोवर दोन घरांत राहिले. एकत्र आले तसे ‘रो’ होऊन एका घरात मावले. तसेच ‘महा उत्सव’ (२,३) आणि ‘महोत्सव’ (४). म्हणून मराठी कोडेकाराने तोड चुकवली तर एक घर कमी पडते किंवा उरते, आणि आख्खी जाळी बिघडते.

उलटा धोकाही आहे. जिथे कानाला तोड ऐकू येते पण लेखनात ती नाही, तिथे कंसाने ती दाखवू नये. भामरागड पाच घरांचे, गडचिरोलीही पाच घरांचे. एकात गड शेवटच्या दोन घरांत, दुसऱ्यात पहिल्या दोन घरांत. (३,२) आणि (२,३) लिहिण्याचा मोह होईल इतकी ती जोडी सुबक आहे. पण दोन्ही नावे सलग लिहिली जातात, म्हणून दोन्हींना (५) एवढेच. गडाचा खेळ करायचाच असेल तर तो सूत्रात करावा: ‘तालुक्याच्या शेवटी येतो, जिल्ह्याच्या सुरुवातीला (२)’. याचे उत्तर गड. हे सूत्र मात्र माझे आहे आणि मित्राला ते फारसे आवडलेले नाही. त्याच्या मते तालुक्याचे नाव न घेता हे कोणाला सुटायचे नाही. जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला, त्याआधी तर हे सूत्र चाललेही नसते.

वर्तमानपत्रांत कोडी तयार करणाऱ्यांना एकच विनंती. आपल्या अनेक कोड्यांत सूत्रापुढे नुसती बेरीज असते, कधी तीही नसते. स्वल्पविरामाला आणि संयोगचिन्हाला छापताना जागा लागत नाही. ती दोन्ही चिन्हे द्या, आणि एकदा ठरवलेली पद्धत पुढच्या रविवारी बदलू नका.